काळी मॅट बॉडी आणि Metallic शून्य: एका प्रतिक्रियेला उत्तर

> "लेख वाचला, पण पटला नाही. स्पीकरची बॉडी ॲल्युमिनियमची आहे आणि तुम्ही तिला Metallic शून्य द्यायला सांगता. धातूला धातू म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? मी आजवर Metallic 1 ठेवून फक्त रंग आणि Roughness बदलत आलोय. ब्रश्ड, ॲनोडाइज्ड, क्रोम, मॅट ब्लॅक, सगळं निघतं. आणि रेंडर करणाऱ्याला 'ब्रश्ड नॉब, क्रोम रिंग, मॅट ब्लॅक बॉडी' एवढं सांगितलं की पुरतं. फिनिशचं पानभर वर्णन लिहायचा आग्रह मला उगाच वाटतो."

नमस्कार. मुद्दा नेमका मांडलात, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो.

ब्लेंडरच्या शेडरमधला Metallic हा आकडा वस्तू कशाची बनली आहे ते सांगत नाही. प्रकाश ज्या थरावरून परत फिरतो तो थर कसला आहे, एवढंच तो सांगतो. लेखातल्या स्पीकरच्या बॉडीला पावडर कोटिंग आहे. खाली ॲल्युमिनियम आहे खरं, पण त्यावर साधारण 60 ते 80 मायक्रॉनचा अपारदर्शक थर बसलाय, त्यामुळे कॅमेऱ्याला ते ॲल्युमिनियम कधी दिसतच नाही. दिसतो तो रंगाचा थर, आणि तो प्लास्टिकसारखाच वागतो. समोरून पडलेल्या प्रकाशातला जेमतेम 4 टक्के पृष्ठभागावरूनच परततो, तोही स्वतःचा रंग न घेता. उरलेला आत शिरून काळ्या रंगद्रव्यात जिरतो, आणि त्यातला अगदी थोडा, साधारण 3 टक्के, सगळ्या दिशांना विखरून बाहेर येतो. मॅट काळ्या वस्तूचा आकार आपल्याला कळतो तो या दोन लहानशा भागांवरून.

Metallic 1 केलंत की यातला दुसरा भाग नाहीसा होतो. शेडरच्या लेखी धातूच्या आत शिरून विखरणारा प्रकाश नसतोच. Base Color म्हणजेच परावर्तन. मग 0.03 रंग दिला, तर ज्या बाजूच्या परावर्तनात दिवा येत नाही ती बाजू जवळजवळ पूर्ण बुडते. बुडाली की पुढची पायरी ठरलेली असते: बॉडी दिसावी म्हणून रंग 0.15, 0.2 असा वर चढवला जातो. आता बॉडी दिसते, पण ती पृष्ठभागावरूनच 20 टक्के प्रकाश परत फेकतेय, खऱ्या कोटिंगच्या 4 टक्क्यांच्या पाचपट. तो मॅट ब्लॅक राहत नाही, गनमेटल होतो. क्लायंटकडून "काळा का नाही वाटत, ग्रे का येतोय?" असं विचारणं येतं ते बहुतेक वेळा इथूनच.

स्वतः तपासून बघा. सगळे दिवे बंद करून एकच मोठा सॉफ्टबॉक्स ठेवा, आणि बॉडीच्या पुढच्या बाजूत त्याचं प्रतिबिंब कॅमेऱ्याकडे येणार नाही अशा जागी तो न्या. कोटिंग असेल तर ती बाजू काळी असूनही तिचा उतार मंदपणे कळत राहतो. Metallic 1 असेल तर तो उतार हरवतो.

`Principled BSDF` मध्ये मी सुरुवात अशी करतो:

```
Metallic    0.0
Base Color  #303030
Roughness   0.55
IOR         1.5
```

`#303030` बघून हा तर राखाडी झाला असं वाटेल, पण रेषीय मापात तो सुमारे 0.03 आहे. ब्लेंडरमध्ये RGB चे आकडे रेषीय असतात आणि हेक्स मात्र sRGB मध्ये, त्यामुळे इथे गल्लत फार होते. कुणी हेक्समध्ये `#080808` टाकलं, तर रेषीय मापात ते 0.0024 भरतं, आणि इतका काळा रंग कुठल्याच नेहमीच्या कोटिंगचा नसतो. तसंच, कडांवर मॅट ब्लॅक उजळला म्हणून घाबरू नका. समोरून 4 टक्के असलेलं परावर्तन 80 अंशांच्या तिरक्या कोनात 39 टक्क्यांच्या आसपास जातं. गोल बॉडीच्या कडेला येणारी ती फिकट रेघ खरी आहे, ती मारू नका.

आता तुमचं म्हणणं जिथे लागू पडतं ती जागा. बॉडी पावडर कोटिंगची नसून काळी ॲनोडाइज्ड असती, तर Metallic 1 आणि रंग 0.05 च्या आसपास हे मी चालवून घेतलं असतं. ॲनोडायझिंगमध्ये वरून काही फासत नाहीत. ॲल्युमिनियमचाच वरचा भाग ऑक्साइड होतो, त्याच्या सूक्ष्म छिद्रांत डाय शिरतो आणि मग छिद्रं बंद केली जातात. हा थर सहसा 5 ते 25 मायक्रॉनचा असतो आणि पारदर्शक असतो, त्यामुळे खालच्या धातूचा पोत, मग तो बीड ब्लास्टिंगचा बारीक दाणा असो की ब्रशच्या रेघा, जसाच्या तसा वर दिसतो. पावडर कोटिंग तोच पोत झाकून टाकतं. म्हणजे "मॅट ब्लॅक" या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळे पृष्ठभाग येतात, आणि रेंडर करणाऱ्याला त्यातला कुठला हवा हे त्या नावावरून कळूच शकत नाही.

रंगीत ॲनोडायझिंगमध्ये फरक आणखी उघड होतो. निळ्या पॅनेलवर प्रकाश डायमधून आत जातो, धातूवरून फिरतो आणि पुन्हा डायमधून बाहेर येतो, म्हणून दिव्याचं प्रतिबिंबच निळं होऊन येतं. निळ्या रंगकामावर तेच प्रतिबिंब पांढरं राहतं. शिवाय ऑक्साइडच्या वरच्या पृष्ठभागावरून थोडा बिनरंगी प्रकाश वेगळा परततो, म्हणून तिरक्या कोनात निळा किंचित फिका पडतो. हे दाखवायला Metallic 1, निळा Base Color आणि वर Coat, एवढं पुरतं. फक्त `Coat Roughness` मूळच्या 0.03 वर सोडू नका. ब्लास्ट केलेल्या धातूवरचा ऑक्साइडही तितकाच खरखरीत असतो, तेव्हा खालची Roughness 0.35 असेल तर Coat लाही तीच द्या. नाहीतर पॅनेलवर वॉर्निश चढवल्यासारखं दिसतं.

"ब्रश्ड नॉब" या दोन शब्दांत तर सगळ्यात महत्त्वाची गोष्टच येत नाही, ती म्हणजे रेघांची दिशा. आपल्या स्पीकरचा नॉब 40 मिलिमीटरचा आहे. त्याच्या तोंडावर रेघा दोन प्रकारे येऊ शकतात: पट्ट्यावर घासून सरळ, किंवा फिरवत घासून गोलाकार. प्रकाशाचा पट्टा नेहमी रेघांना आडवा पसरतो. सरळ रेघांवर एकच सलग पट्टा येतो. गोलाकार रेघांवर केंद्रातून समोरासमोर दोन पंखे उघडतात, बाहेर रुंद आणि मध्ये निमुळते. नॉब फिरवल्यावर काय होतं तेही बघण्यासारखं आहे. रेघा गोलाकार असतील तर नॉब कितीही फिरवा, पंखे जागचे हलत नाहीत, कारण दिव्याच्या दृष्टीने काहीच बदललेलं नसतं. नॉबवरची खूण तेवढी फिरते. सरळ रेघांचा पट्टा मात्र नॉबबरोबर वळतो. फोटोतून पंखे उचलून टेक्श्चरमध्ये चिकटवलेले असतील, तर ॲनिमेशनमध्ये ते नॉबबरोबर गरगर फिरतात आणि ते लगेच खटकतं.

तुमच्या पद्धतीत Roughness कमीजास्त करून हे येणार नाही, कारण Roughness प्रकाश सगळ्या बाजूंना सारखाच पसरवते. इथे Anisotropic लागतं. मी 0.7 ते 0.8 ठेवतो, Roughness 0.3, आणि Tangent नोड Radial वर, अक्ष नॉबचा तोच. पंख्यांऐवजी केंद्राभोवती उजळ कमानी दिसायला लागल्या तर दिशा 90 अंशांनी चुकली आहे, `Anisotropic Rotation` 0.25 केलं की जागेवर येते. आणि रेघा मोजता येतील इतक्या ठळक काढू नका. 40 मिलिमीटरचा नॉब चित्रात 600 पिक्सेल रुंद असेल, तर एक पिक्सेल म्हणजे 0.067 मिलिमीटर. हेअरलाइन फिनिशच्या बहुतेक रेघा त्याहून बारीक असतात. त्या सुट्या दिसायला लागल्या की डोळ्याला नॉब शर्टाच्या बटणाएवढा वाटतो. त्या रेघांचं काम Anisotropic कडे द्या, आणि बंपमध्ये जेमतेम जाणवेल एवढी असमानता ठेवा.

क्रोमबद्दल थोडक्यात. क्रोमियम ॲल्युमिनियमपेक्षा बराच गडद धातू आहे: ॲल्युमिनियम सुमारे 91 टक्के प्रकाश परत देतं, क्रोमियम 55 टक्क्यांच्या आसपास. रिंगला `#C4C4C4` द्या, Roughness 0.03, आणि तिची खरी चमक भोवतालावर सोडा. चारी बाजूंनी पांढऱ्या स्टुडिओत क्रोम सपाट राखाडी होतं. शेजारी एक काळं कार्ड उभं केलं की त्याची काळी रेघ रिंगमध्ये उतरते आणि क्रोम क्रोमसारखं दिसतं. म्हणून क्रोमच्या वर्णनात त्यात काय दिसलं पाहिजे हे लिहावंच लागतं.

आता पानभर वर्णनाचा मुद्दा. याच स्पीकरसाठी मी लिहितो ते एवढंच असतं:

> बॉडी: ॲल्युमिनियमवर काळं पावडर कोटिंग, बारीक दाणा, धातूचा पोत दिसू नये, प्रतिबिंबं मऊ आणि पांढरी.
> नॉबचं तोंड: गोलाकार ब्रशिंग, त्यावर बिनरंगी ॲनोडायझिंग, दोन पंखे, दहा आणि चार वाजण्याच्या दिशेला, रेघा सुट्या दिसू नयेत.
> रिंग: क्रोम प्लेटिंग, आरशासारखी, वरून पांढरी पट्टी, तिला लागून काळी रेघ.

पान तर सोडाच, तीन वाक्यंही कशीबशी होतात. पण प्रत्येकात पृष्ठभागावर कुठली प्रक्रिया झाली आणि प्रकाशाने तिथे काय करायचं, या दोन गोष्टी आहेत. नॉबचं वाक्य बघा: तो ब्रश्डही आहे आणि ॲनोडाइज्डही. ब्रशिंगने पोत येतो, ॲनोडायझिंगने वरचा थर, आणि दोन्ही एकाच भागावर सुखाने नांदतात. तुमच्या "ब्रश्ड नॉब"मधून यातलं निम्मंच पोचतं, बाकीचं समोरचा अंदाजाने भरतो.

तुमच्याकडच्या काळ्या भागावर नेमकी कुठली प्रक्रिया आहे ते कारखान्याच्या फिनिश शीटवर बघून कळवा. पीव्हीडी निघालं तर वरचे आकडे वापरू नका. तो थर कडक आणि पातळ असतो, खालचा पोत दाखवतो आणि कोटिंगपेक्षा जास्त प्रकाश परत देतो. तिथे Metallic 1 पासूनच सुरुवात करा, आणि खऱ्या नमुन्याचा फोटो शेजारी ठेवून रंग ठरवा.