नव्या नोकरीची नम्र दवंडी

नवी नोकरी लागली की माणूस खूश होतो, असा एक जुना समज आहे. लिंक्डइनवर मात्र तो नम्र होतो. ही नम्रता आपोआप येत नाही, बसवून घ्यावी लागते.

प्रोफाइलमध्ये नवं पद भरलंत की लिंक्डइन एक तयार वाक्य पुढे करतं: अमुक पदावर रुजू होतोय, सांगायला आनंद वाटतो. ते तसंच ठेवण्याची चूक करू नका. पद कळतं, कंपनी कळते, वाचणारा मोकळा होतो. एवढ्यासाठी का राजीनामा दिला होता? फीडमध्ये सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं दाबल्यावर उघडतं. म्हणून त्या ओळींत नोकरीचा न सुद्धा येऊ देऊ नका. 'हे लिहिताना हात थरथरतोय. सहा वर्षांपूर्वी कोपऱ्यातल्या एका टेबलाशी बसलो होतो. आणि काल...' इथे थांबा. जुन्या सहकाऱ्यांच्या काळजात धस्स झालं पाहिजे. बिचाऱ्यांनी घाईघाईने उघडावं आणि आत सीनियर सॉफ्टवेअर इंजिनिअर निघावा.

मुहूर्ताचं फार मनावर घेऊ नका. पार्श्वभूमी तपासणी पूर्ण व्हायची आहे, ऑफर अजून मागे घेतली जाऊ शकते, असल्या शंका भित्र्यांना येतात. नव्या ओळखपत्राचा फोटो बारकोडसकट टाका. मग पहिल्याच आठवड्यात खुद्द 'सीईओ'चा अनोळखी नंबरवरून मेसेज येईल, की मी मीटिंगमध्ये आहे, जरा गिफ्ट कार्डं घेऊन त्यांचे कोड पाठव. नवा माणूस कोण आणि कुठे लागला, हे भामट्यांना तुमच्याच पोस्टवरून कळतं. शेवटी 'आमच्याकडे जागा आहेत, जुन्या टीमने जरूर मेसेज करा' हेही लिहाच. जुन्या करारात माणसं न फोडण्याचं एखादं कलम असेल, पण करार सहीसाठी असतो, वाचायला थोडाच असतो.

आता आभार. खरी कला इथेच आहे. टॅग केलेल्या प्रत्येकाला सूचना जाते, तेव्हा टॅग करायचं ते वरच्या माणसांना. ज्या डायरेक्टरांशी तुमचं सहा वर्षांत दोनदा बोलणं झालं, त्यातलं एकदा लिफ्टमध्ये, ते पहिले. मग पदांच्या उतरत्या क्रमाने खाली या आणि दम लागला की थांबा. रात्री साडेअकराला तुमचा कोड तपासून 'इथे नल येऊ शकतं' म्हणून सांगणारी मुलगी, रिलीज फसल्यावर तुमच्याऐवजी कॉलवर बसलेला पोरगा, यांच्यासाठी मराठीत फार सुंदर शब्दयोजना आहे: 'आणि इतर अनेक'.

मी स्वतः हे सगळं पाळलंय, म्हणून अधिकाराने सांगतो. जुन्या ठिकाणी मी रात्री दोनला चालणारा एक जॉब, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहिला होता. पेमेंट गेटवेकडून आलेली दिवसाची फाइल आणि आपल्या ऑर्डरी तो ताडून बघायचा. गोम एवढीच, की फाइल यायला उशीर झाला तर तिथे रिकामी फाइल असायची, आणि जॉबला वाटायचं की आज कोणी पैसेच भरले नाहीत. मग तो दिवसभराच्या सगळ्या ऑर्डरींवर 'पैसे आले नाहीत' असा शिक्का मारायचा. मी सकाळी उठून शिक्के काढायचो, फाइल आलीय ना बघायचो आणि जॉब हाताने पुन्हा चालवायचो. महिन्यातून एकदा तरी हे व्हायचं. 'शून्य ओळी आल्या तर थांब' एवढी एक अट घातली असती तर काम झालं असतं, पण ती घालायची राहून गेली. नोटीस पीरियडमध्ये केटी दिली, म्हणजे कामाची माहिती पुढच्या माणसाला सोपवली, दस्तऐवज दीड पानांचा. त्यातली या जॉबची नोंद: 'रात्रीचा जॉब. आपोआप चालतो.'

सोमवारी पोस्ट टाकली. 'तुम्ही सगळ्यांनी मला घडवलंत, मी तर निमित्तमात्र.' दीडशे टाळ्या आल्या. तयार बटणावरची अभिनंदनं आली, त्यांना मी एकेक करून हृदय दिलं. त्याच रात्री फाइल उशिरा आली.

मंगळवारी सकाळी माझ्या जागी आलेल्या मुलाने `git blame` चालवलं असणार. ओळ न् ओळ माझ्या नावावर. निमित्तमात्र माणसाचं नाव इतक्या ठिकाणी सहसा सापडत नाही. सव्वानऊला पोस्टखाली त्याची कमेंट आली. मी त्याला टॅग केलं नव्हतं, तो इतर अनेकांत होता.

'अभिनंदन सर! तुमच्याकडून खूप शिकायला मिळालं, अजूनही मिळतंय. फोन उचला.'

मी हात जोडलेली खूण टाकली आणि खाली लिहिलं, 'तुमच्याशिवाय हे शक्यच नव्हतं.'