दरी दिसते, ढग नसतील तर

आमचं राहणं साताऱ्यात. पाचगणीला दोन खोल्यांचं जुनं घर आहे, ते होमस्टे म्हणून बुकिंगच्या साइटवर टाकायचं ठरलं. फोटो पुतण्याने काढले. शीर्षक माझ्या वाट्याला आलं, कारण घरात मराठी घेऊन बी.ए. झालेला मी एकटाच.

साइट शीर्षकाला ५० अक्षरं देते. मी बैठक मारून लिहिलं: 'निसर्गरम्य परिसरात शांत आरामदायी घरगुती मुक्काम'. मोजली तर तिशीही गाठली नव्हती. साइट म्हणाली, ४७! पुतण्याने उलगडा केला. तिथे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, मोडलेला पाय, मधली रिकामी जागा, सगळ्यांची वेगळी मोजणी होते. 'महाबळेश्वर' दिसायला सहा अक्षरं, मोजायला दहा. नुसता 'श्व' तीन खातो. म्हणजे जोडाक्षरांचा शौक असलेल्या बी.ए.चं दिवाळंच.

४७ मध्ये सगळं बसलं होतं, फक्त गावाचं नाव सोडून. उरलेल्या तीनमध्ये 'पाचगणी' मावेना, त्याला सहा लागतात. बायको म्हणाली, "अहो, हे वाचून माणूस येणार कुठं? आणि शांत, आरामदायी तर सगळेच लिहितात. अशांत, गैरसोयीचं असं कोण लिहितं?"

तेव्हा दुसरं शीर्षक आलं: 'पाचगणी: २ खोल्या, दरी दिसते, गाडी दारात'. ३९ अक्षरं. जुलैत पहिले पाहुणे आले. खिडकीबाहेर चार दिवस पांढरं फटक. दरी तर सोडाच, कठडाही दिसेना. आणि 'दारात' म्हणजे रस्त्यावरच्या फाटकात. तिथून घरापर्यंत ४३ पायऱ्या, त्याही पावसात शेवाळलेल्या. त्यांनी जाताना अभिप्राय लिहिला: 'दरी नाही. पायऱ्या आहेत.' आमच्यापेक्षा चांगलं शीर्षक.

मी त्यातूनच शिकलो. वर्णनात परिच्छेदभर पाल्हाळ लावून पायऱ्या शेवटी लिहिल्या, तरी फोनवर पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात. पुढचं 'अधिक वाचा'खाली गाडलं जातं आणि ते उघडतं कोण? म्हणून पायऱ्या, धुकं आणि पावसाळ्यात गार पडणारं सोलरचं पाणी पहिल्याच ओळीत आणलं. शीर्षकही बदललं: 'पाचगणी: २ खोल्या, ४३ पायऱ्या, दरी दिसते ढग नसतील तर'.

साइट म्हणाली, ५१.

एक जास्त! मी पायऱ्यांचा आकडा एकेरी करता येईल का ते पाहिलं. त्यासाठी ३४ पायऱ्या फोडाव्या लागल्या असत्या. दरी गाळली तर पाहुणे जातात, ढग गाळले तर अभिप्राय येतो. तासाभराने बायकोने मान वाकडी करून स्क्रीन पाहिली आणि पाचगणीपुढचे दोन टिंब उडवले. ५०.

परवा एका आजोबांचा निरोप आला: 'पायऱ्या चढायच्या की उतरायच्या?' बायकोने लगेच कळवलं, 'येताना उतरायच्या.'

जातानाचं त्यांनी विचारलेलं नाही. मी ते वर्णनात घालायला बसलो आहे.