बोर्डोच्या ड्रमात टिंबं कोण टाकतंय?

गोडी छाटणी सुरू झाली की निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस पडतो. पडू दे, त्याला कुणाची ना नाही. पण गेल्या काही हंगामांपासून हे सगळे सल्ले एकाच छापाचे यायला लागलेत. वर ठळक मथळा, त्याखाली चार ठळक उपमथळे, प्रत्येकाखाली मोजून तीन-चार टिंबं, आणि शेवटी ‘निष्कर्ष’ नावाचा गुळमुळीत परिच्छेद. एआय मशीनकडून मजकूर काढायचा, न वाचता चिकटवायचा आणि खाली आपलं नाव टाकायचं. डोकं फिरतं ते मशीन वापरलं म्हणून नाही. हा साचा माहितीची मोडतोड करतो आणि वर ती नीटनेटकी दिसते, म्हणून फिरतं.

बोर्डो मिश्रणाचंच घ्या. द्राक्षपट्ट्यात पोराटोरांना माहीत असलेलं तांब्याचं बुरशीनाशक. त्यावरचं पत्रक ग्रुपवर कसं येतं, बघा:

```
### बोर्डो मिश्रण: संपूर्ण मार्गदर्शक
**साहित्य:**
- **मोरचूद:** १ किलो
- **चुना:** १ किलो
- **पाणी:** १०० लिटर
**कृती:**
- मोरचूद व चुना यांचे द्रावण तयार करणे
- दोन्ही द्रावणे एकत्र करणे
- मिश्रणाची फवारणी करणे
**घ्यावयाची काळजी:**
- मास्क व हातमोजे वापरणे
- धातूचे भांडे टाळणे
- मिश्रणाची तपासणी करणे
**निष्कर्ष:** अशा प्रकारे, योग्य पद्धतीने तयार
केलेले बोर्डो मिश्रण बागेसाठी लाभदायक ठरते.
```

दिसायला कसं छान! चूक काढायला गेलात तर एकही आकडा चुकलेला नाही. एक टक्क्याच्या बोर्डोला १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी, बरोबरच आहे. पण हे वाचून नव्या पोराने मिश्रण केलं तर ते बिघडण्याचीच शक्यता जास्त.

कारण हे १०० लिटर पाणी निम्मं निम्मं करायचं असतं, हे यात कुठेच नाही. ५० लिटरात मोरचूद वेगळा विरघळवायचा, ५० लिटरात चुना वेगळा. टिंबांच्या यादीत तीन वस्तू एकाखाली एक उभ्या आहेत. त्यांचं एकमेकींशी नातं काय, हे यादीला सांगताच येत नाही. वाचणारा मग आपापल्या अकलेने नातं जोडतो. एक जण दोन्ही एकाच ड्रममध्ये ओततो, दुसरा दोन्हीला शंभर-शंभर लिटर घेतो आणि त्याचं मिश्रण निम्म्या ताकदीचं होतं.

पुढे तर कहर आहे. ‘दोन्ही द्रावणे एकत्र करणे.’ अरे, पण कशात काय ओतायचं? सगळी मेख तिथेच तर आहे! मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्याच्या गाळलेल्या पाण्यात ओतायचं आणि ओतताना ढवळत राहायचं. असं केलं की भांड्यातलं द्रावण पहिल्यापासून शेवटपर्यंत अल्कधर्मी राहतं, आणि आकाशी रंगाचा बारीक साका तयार होतो. तो पाण्यात तरंगत राहतो आणि पानाला चिकटतो. उलटं केलं, म्हणजे मोरचुदात चुना ओतला, तर बराच वेळ द्रावण आम्ल राहतं, कण जाड होतात, तळाशी बसतात आणि नोझल चोंदतं. दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतली तरी चालतं. ‘एकत्र करणे’ या दोन शब्दांत हे सगळं गडप झालं.

यात आपल्या भाषेचा दोष नाही बरं का, उलट तिचा गळा आवळलाय. ‘चुना वस्त्रगाळ करून, त्यात मोरचुदाचं पाणी ओतत, काठीने ढवळत राहा’ या एका वाक्यात आधी काय, मग काय आणि एकाच वेळी काय, हे तिन्ही आलं. ‘करून’ने क्रम सांगितला, ‘ओतत, ढवळत’ने दोन कामं एकदम करायची हे सांगितलं. टिंब लावलं की क्रियापद ‘करणे’ होऊन बसतं. तयार करणे, एकत्र करणे, तपासणी करणे. कुणी करायचं, कधी, कशाच्या आधी, काही पत्ता नाही. सगळी कामं सरकारी फायलीतल्यासारखी एका रांगेत निजलेली.

आता ती ‘घ्यावयाची काळजी’. धातूचं भांडं टाळा, ही सूचना कुठे आहे? मिश्रण करून, फवारून झाल्यानंतर! मोरचुदाचं द्रावण लोखंडी पिंपात टाकलं की तांबं लोखंडावर बसायला लागतं. पिंपही जातं आणि औषधातलं तांबंही जातं. म्हणजे ही गोष्ट पहिल्या ओळीत हवी: प्लास्टिकचा ड्रम घ्या. पण साच्यात ‘काळजी’ हा कप्पा शेवटी असतो, म्हणून ती शेवटी. त्यात व्हॉट्सॲप लांब संदेश मध्येच दुमडतं. ‘अधिक वाचा’वर बोट ठेवायचा कंटाळा केला की काळजीचा अख्खा कप्पा गायब. वर उरतं काय, तर साहित्याची यादी आणि ‘संपूर्ण मार्गदर्शक’ हा मथळा.

आणि ‘मिश्रणाची तपासणी करणे’ यावर तर हात जोडावेत. कशी करायची तपासणी? घासलेला विळा किंवा लोखंडी खिळा मिश्रणात थोडा वेळ बुडवायचा. बाहेर काढल्यावर त्यावर तांबूस थर दिसला तर मोरचूद मोकळा राहिलाय, चुना कमी पडलाय. मग चुन्याचं गाळलेलं पाणी थोडं थोडं घालत जायचं आणि थर धरायचा थांबेपर्यंत परत बघत राहायचं. असं का, तर बाजारातला चुना प्रत्येक वेळी सारखा नसतो. जुना, हवा लागलेला चुना किलोभर घेतला तरी जोर कमी पडतो. म्हणून वजनाचं माप हा फक्त अंदाज असतो आणि निकाल विळा देतो. हे न बघता फवारलं तर मोकळं तांबं कोवळी पानं जाळतं. एवढं महत्त्वाचं काम हातमोज्यांच्या शेजारी, त्याच मापाचं टिंब लावून बसवलंय. टिंबांच्या राज्यात सगळे समान!

ठळक अक्षरांचंही तेच. मोरचूद ठळक, चुना ठळक, पाणी ठळक. पाणी! ते कशासाठी ठळक करायचं? ठळक करायचंच होतं तर ‘मोरचूद चुन्यात, चुना मोरचुदात नाही’ हे करायचं. पण मशीन सहसा नामं ठळक करतं आणि घोटाळा होतो तो बहुतेक वेळा क्रियापदांत. त्यात देवनागरीची आणखी एक गंमत. ज्या फॉन्टला स्वतःचं ठळक रूप नसतं, तिथे यंत्र साधं अक्षरच जाड करून दाखवतं. मग अनुस्वार, रफार, जोडाक्षरं एकमेकांत चिकटतात. मथळ्यापुढचा अपूर्णविराम तर विसर्गासारखा दिसतो. आणि ते `**` नि `###`! ही मार्कडाउनची खुणांची पद्धत आहे, २००४ मध्ये जॉन ग्रुबर यांनी वेबवर लिहिणाऱ्यांसाठी काढलेली. व्हॉट्सॲपवर ठळक करायला एकच तारा लागतो आणि `###` त्याला कळतच नाही. म्हणून संदेशात तारे आणि जाळ्या तशाच लोंबकळतात. निदान तेवढे तरी पुसून पाठवा की राव.

मशीनला ही सवय लागली कशी, तर थोडी आपणच लावली. अशी मशीनं घडवताना दोन उत्तरं माणसांसमोर ठेवून बरं कुठलं ते विचारतात. लांब, मथळेवालं, टिंबंवालं उत्तर बघताक्षणी अभ्यासू वाटतं. माणसांच्या मतांवरून मशीनांची क्रमवारी लावणाऱ्या ‘चॅटबॉट अरीना’ने २०२४ मध्ये उत्तराची लांबी, मथळे, याद्या आणि ठळक अक्षरं यांचा प्रभाव वेगळा काढून क्रमवारी पुन्हा मांडली, तेव्हा काही मशीनांच्या जागा हलल्या. म्हणजे नुसत्या सजावटीलाही गुण मिळत होते.

यादी मुळातच वाईट असं कुणी म्हणत नाही. बाजार समितीचे भाव, एसटीचं वेळापत्रक, दुकानातून आणायच्या वस्तू, इथे यादीच हवी. ओळखायचं कसं, तर टिंबांची अदलाबदल करून बघा. खालचं वर आणि वरचं खाली नेऊन काही बिघडत नसेल तर ती खरी यादी. बिघडत असेल तर तिथे क्रम किंवा कारण दडलंय. क्रम असेल तर निदान आकडे घाला, आणि कारण असेल तर सरळ वाक्य लिहा.

मशीनचा मजकूर वापरायचाच असेल तर निदान एवढं करा. शेवटचा परिच्छेद आधी झाका आणि त्यात वर न आलेलं काही आहे का बघा. नसेल तर उडवा. मग उपमथळे काढा आणि शेजारशेजारची दोन टिंबं ‘कारण’, ‘म्हणून’, ‘नाहीतर’, ‘झाल्यावर’ यांपैकी एखादा शब्द घालून जोडा. बहुतेक जागी शब्द आपोआप सुचेल. जिथे कुठला घालावा तेच कळत नाही, तिथे थांबा. समजा, एखाद्या पत्रकात ‘चुना गाळणे’ आणि ‘मिश्रण त्याच दिवशी वापरणे’ ही टिंबं शेजारी आली, तर त्यांच्यामध्ये काय घालाल? काहीच बसत नाही, कारण मधली गोष्टच राहिली: मिश्रण ठेवलं की कण मोठे होतात, खाली बसतात आणि पानाला धरत नाहीत, म्हणून ते त्याच दिवशी संपवायचं. टिंबांमुळे हे भोक दिसतच नव्हतं.

एवढं केल्यावर अख्खं पत्रक असं होतं: प्लास्टिकच्या दोन भांड्यांत पन्नास-पन्नास लिटर पाणी घ्या. एकात किलोभर मोरचूद पूर्ण विरघळू द्या. दुसऱ्यातलंच थोडं थोडं पाणी घेऊन कळीचा चुना वेगळा विरवा आणि गार झाल्यावर त्या दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या. मग चुन्यात मोरचुदाचं पाणी ओतत ढवळा, विळा बुडवून बघा, तांबूस थर धरला तर आणखी चुन्याचं गाळलेलं पाणी घाला, आणि त्याच दिवशी फवारून मोकळे व्हा. झालं. एकही टिंब नाही, आणि ‘अधिक वाचा’ही लागणार नाही.

पण नाही, आपल्याला मथळा हवा. आणि मथळ्याइतकीच हटकून येणारी ती शेवटची ओळ, ‘अधिक माहितीसाठी आपल्या जवळच्या कृषी तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.’ पत्रकाखाली नाव कुणाचं, तर कृषी सल्लागाराचं! अहो साहेब, तुमचाच सल्ला घ्यायला तर लोक ग्रुपवर आले होते.