वेळेचा सहगुणक ०.५ की ६? कोडिंग, पी-व्हॅल्यू आणि ‘सर्वांत चांगला कोपरा’

> “फॅक्टोरियल प्रयोगात लेव्हलना −१, +१ असं कोडिंग करणं ही कॅल्क्युलेटरच्या काळातली सोय होती. आता सॉफ्टवेअर खऱ्या एककांतच फिट करतं, उत्तर तेच येतं. पी-व्हॅल्यू ०.०५ च्या वर असेल तो घटक बिनमहत्त्वाचा, काढून टाका. आर-स्क्वेअर ९५ टक्क्यांच्या वर गेला की मॉडेल झालं. मग सर्वांत चांगला कोपरा निवडा आणि सेटिंग फिक्स करा.”

वरच्या मजकुरातला प्रत्येक मुद्दा तपासायला एकच छोटं उदाहरण पुरेल. धातूच्या पट्ट्या इपॉक्सीने चिकटवून ओव्हनमध्ये क्युअर करायच्या आहेत. घटक दोन: तापमान १६० आणि १८० अंश सेल्सियस, वेळ २० आणि ४० मिनिटं. मोजायची ती सांध्याची शिअर स्ट्रेंग्थ, मेगापास्कलमध्ये. आकडे मी हिशेब सोपा राहावा म्हणून बेतलेले आहेत, पण त्यांची चाल क्युअरिंगला साजेशी आहे: तापमान आणि वेळ दोन्ही कमी पडली की चिकटद्रव्य कच्चं राहतं, दोन्ही जास्त झाली की ते ठिसूळ होतं.

या लेव्हलच्या चारही जोड्या, म्हणजे प्रयोगाचे चार कोपरे, करून पाहिले. १६० अंश, २० मिनिटांना १४ मिळाले. १८० अंश, २० मिनिटांना २३. १६० अंश, ४० मिनिटांना २२. आणि १८० अंश, ४० मिनिटांना १७. शिवाय बरोबर मध्ये, १७० अंश आणि ३० मिनिटांवर, चार वेगळे रन घेतले: २२.६, २३.४, २२.९ आणि २३.१.

आधी कोडिंग

‘उत्तर तेच येतं’ हे अर्धंच खरं आहे. कुठल्याही सेटिंगला मॉडेल किती स्ट्रेंग्थ सांगतं, हे दोन्ही पद्धतींत अगदी सारखं येतं. पण आपण सॉफ्टवेअरच्या तक्त्यात जे वाचतो ते सहगुणक आणि त्यांच्या पी-व्हॅल्यू, आणि तिथे सगळं बदलतं. तापमानातून १७० वजा करून १० ने भागलं की x1, वेळेतून ३० वजा करून १० ने भागलं की x2. चार कोपऱ्यांवरून दोन्ही रूपांतली समीकरणं अशी येतात:

```
y = 19 + 1.0*x1 + 0.5*x2 - 3.5*x1*x2
y = -178 + 1.15*temp + 6.0*time - 0.035*temp*time
```

पहिल्या ओळीत वेळेचा सहगुणक ०.५ आहे, तापमानाच्या निम्मा. दुसऱ्या ओळीत तो ६.० आहे, तापमानाच्या पाचपटीहून जास्त. इंटरॅक्शन, म्हणजे दोन घटकांच्या गुणाकाराचं पद, पहिल्या ओळीत सगळ्यांत मोठं, दुसरीत सगळ्यांत किरकोळ दिसतं. समीकरण मात्र एकच आहे. १६० आणि २० घालून बघा, दोन्हीकडून १४ च येतात.

याचं कारण इंटरॅक्शनमध्येच आहे. इंटरॅक्शन असलं की ‘वेळेचा परिणाम’ असा एकच आकडा उरत नाही, तो कुठल्या तापमानाला मोजला त्यावर ठरतो. कोडेड समीकरणातला ०.५ हा १७० अंशांवरचा, म्हणजे प्रयोगाच्या मधोमधचा, दर दहा मिनिटांमागचा चढ आहे. दुसऱ्या समीकरणातला ६.० हा शून्य अंशावरचा, दर मिनिटामागचा चढ आहे. शून्य अंशावर इपॉक्सी क्युअर करायला कोणी बसलेलं नाही. तापमान केल्व्हिनमध्ये भरलं तर हाच आकडा ६.० वरून साधारण १५.६ होतो. थर्मामीटरवरचा शून्य कुठे आहे यावर घटकाचं महत्त्व ठरत असेल, तर तो आकडा वाचण्यात अर्थ नाही.

दुसरा फायदा असा की −१, +१ केल्यावर स्तंभ एकमेकांना काटकोनात बसतात. त्यामुळे प्रत्येक सहगुणकाचा अंदाज दुसऱ्यापासून स्वतंत्र असतो आणि सगळ्यांची स्टँडर्ड एरर सारखीच येते. म्हणून त्यांची आपसांत तुलना करता येते. (काही सॉफ्टवेअर ‘इफेक्ट’ म्हणून सहगुणकाच्या दुप्पट आकडा छापतात, −१ ते +१ असा पूर्ण फरक. दोन रिपोर्ट जुळत नाहीत म्हणून भांडण्याआधी हे पाहून घ्यावं.)

पी-व्हॅल्यूची कात्री

माझ्या मते त्या मजकुरातला सगळ्यांत नुकसान करणारा सल्ला हाच. मध्यबिंदूच्या चार रनमधून प्रयोगाची स्वतःची अस्थिरता मिळते: स्टँडर्ड डेव्हिएशन ०.३४ च्या आसपास, तीन डिग्री ऑफ फ्रीडमवर. चार कोपऱ्यांवरून काढलेल्या कोडेड सहगुणकाची स्टँडर्ड एरर मग ०.१७ येते. वेळेचा टी, म्हणजे सहगुणक भागिले स्टँडर्ड एरर, २.९७, पी-व्हॅल्यू ०.०५९. म्हणजे नियमाप्रमाणे वेळ बाद!

आता हेच खऱ्या एककांत करून पाहा. आर हे सॉफ्टवेअर असेल तर खालच्या ओळी चालवा. यातला cp हा मध्यबिंदूचा खुणेचा स्तंभ आहे. तो घातल्यामुळे उरलेली चूक फक्त मध्यबिंदूंच्या आपसातल्या फरकातून मोजली जाते.

```
temp <- c(160,180,160,180,170,170,170,170)
time <- c(20,20,40,40,30,30,30,30)
y    <- c(14,23,22,17,22.6,23.4,22.9,23.1)
x1 <- (temp-170)/10; x2 <- (time-30)/10
cp <- rep(c(0,1), each=4)
summary(lm(y ~ x1*x2 + cp))
summary(lm(y ~ temp*time + cp))
```

दुसऱ्या तक्त्यात वेळेचा टी जवळजवळ २१ आहे आणि पी-व्हॅल्यू ०.०००२. तेच आठ रन, तेच मॉडेल. एका तक्त्यात वेळ काढून टाकण्याजोगी, दुसऱ्यात काळ्या दगडावरची रेघ. इंटरॅक्शनचा टी मात्र दोन्ही तक्त्यांत सारखाच, उणे २०.८. मूळबिंदू कुठेही हलवला तरी ज्याची कसोटी बदलत नाही ते इंटरॅक्शन, आणि म्हणून निर्णय तिथूनच सुरू करायचा. ते ठळक असेल तर त्यात भाग घेणारे दोन्ही मुख्य परिणाम मॉडेलमध्ये राहतात, त्यांच्या स्वतःच्या पी-व्हॅल्यू काहीही असोत. याला श्रेणीक्रम राखणं म्हणतात. तो पाळला नाही तर कोडेड रूपातून वेळ काढून मिळणारं मॉडेल आणि खऱ्या एककांतून वेळ काढून मिळणारं मॉडेल ही दोन वेगळी मॉडेलं होतात. त्यातलं कुठलं बरोबर, याला उत्तर नसतं.

आणि ‘वेळ बिनमहत्त्वाची’ असं ठरवून कोणी १८० अंशांवर ४० मिनिटं ठेवली तर? २३ ऐवजी १७ मिळतील. १७० अंशांवर वेळेचा चढ सपाट दिसतो, कारण १६० वर तो वर जातो, १८० वर खाली येतो आणि सरासरीत दोन्ही एकमेकांना खातात. सहगुणक लहान असणं आणि घटक निरुपयोगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आर-स्क्वेअरबद्दल थोडक्यात

चार कोपरे, चार सहगुणक. आर-स्क्वेअर पूर्ण १०० टक्के येतो आणि येणारच. स्ट्रेंग्थऐवजी टेलिफोन नंबर भरले तरी येईल. आणि याच १०० टक्केवाल्या मॉडेलला विचारलं की १७० अंश आणि ३० मिनिटांना किती, तर ते १९ सांगतं. प्रत्यक्षात चार रनची सरासरी २३ आहे. चार मेगापास्कलचा हा फरक योगायोगाचा नाही: वक्रतेच्या वर्गांची बेरीज ३२, अस्थिरतेचा वर्ग ०.११३, त्यांचं गुणोत्तर एफ सुमारे २८२.

इथे एक खबरदारी घ्यावी लागते. मध्यबिंदूचे चार रन म्हणजे ओव्हन चार वेळा थंड करून, पुन्हा सेट करून, नव्याने चिकटवलेले सांधे, आणि तेही बाकीच्या रनमध्ये विखुरलेले. एकाच वेळी भाजलेल्या चार पट्ट्या खेचून मोजल्या तर ती फक्त मोजणीची अस्थिरता झाली. मग स्टँडर्ड एरर खोटी लहान येते आणि प्रत्येक घटक ‘सिग्निफिकंट’ निघतो. रिपोर्टमध्ये सगळ्याच पी-व्हॅल्यू ०.००१ च्या खाली दिसल्या की मी आधी रनचा क्रम आणि ओव्हनची नोंद मागतो.

राहिला कोपरा

कोपऱ्यांची सरासरी आणि मध्यबिंदू यांतला फरक वक्रता आहे एवढंच सांगतो. ती तापमानाची की वेळेची, हे सांगत नाही. x1 आणि x2 च्या वर्गपदांच्या सहगुणकांची बेरीज उणे ४ आहे, वाटणी कळत नाही. त्यासाठी अक्षांवरचे बिंदू लागतात. जॉर्ज बॉक्स आणि के. बी. विल्सन यांच्या १९५१ च्या निबंधातून पुढे आलेली सेंट्रल कॉम्पोझिट रचना हेच करते: कोपरे तेच, वर प्रत्येक अक्षावर दोन बिंदू. दोन घटकांसाठी ते अंतर कोडेड १.४१४ घेतात, म्हणजे तापमान साधारण १५५.९ आणि १८४.१ अंश, वेळ १५.९ आणि ४४.१ मिनिटं. हे रन वेगळ्या दिवशी होणार असतील तर त्यांच्याबरोबरही मध्यबिंदू घ्यावेत, नाहीतर ओव्हनचा त्या दिवसाचा मूड वक्रता म्हणून मोजला जातो.

समजा तापमानाच्या टोकांना १६.६ आणि १९.४ मिळाले, वेळेच्या टोकांना १९.३ आणि २०.७. मग पूर्ण समीकरण असं:

```
y = 23 + 1.0*x1 + 0.5*x2 - 2.5*x1^2 - 1.5*x2^2 - 3.5*x1*x2
```

दोन्ही आंशिक अवकलजं शून्य ठेवली की शिखर सापडतं: x1 सुमारे ०.४५, x2 सुमारे −०.३६. म्हणजे १७४.५ अंश, २६.४ मिनिटं, स्ट्रेंग्थ २३.१. आणि १८० अंश, २० मिनिटांचा कोपरा? २३. हे पाहून मूळ मजकूर लिहिणारा म्हणेल, “बघा, कोपराच बरा होता.” पण तो का बरा होता, हे वर्गपदं आल्यावरच दिसतं. या पृष्ठभागाचे दोन मुख्य वक्र काढले तर एकाचा सहगुणक −३.८२, दुसऱ्याचा −०.१८. एका दिशेने तीव्र उतार, दुसऱ्या दिशेने जवळजवळ सपाट. शिखर एका बिंदूपुरतं नाही, तिरकी लांब धार आहे: तापमान ६ अंशांनी वाढवून वेळ ८ मिनिटांनी कमी केली तर ०.१८ मेगापास्कल जातात, जे एका रनच्या अस्थिरतेपेक्षाही कमी आहे. १८० आणि २० चा कोपरा याच धारेच्या अंगाला पडला, हे आपलं नशीब. लेव्हल १६५ आणि १८५ निवडल्या असत्या तर कोपरे दुसरीकडे पडले असते.

धार माहीत असण्याचा खरा उपयोग टॉलरन्स ठरवताना होतो. १८० अंश आणि २० मिनिटांवर ओव्हन ५ अंशांनी वर गेला तर समीकरण स्ट्रेंग्थ २२.१ सांगतं, ५ अंशांनी खाली गेला तर २२.६. शिखरावर राहून ओव्हन तेवढाच सरकला तर दोन्हीकडे साधारण २२.५. ओव्हनचं नियंत्रण चांगलं असेल तर ६ मिनिटं वाचवून १८० वर जावं, ढिलं असेल तर १७४ च्या आसपास राहावं. कुठेही राहिलात तरी त्या सेटिंगला तीनचार नवे रन घेऊन त्यांची सरासरी समीकरणाच्या अंदाजाशी ताडून पाहावी; फरक अस्थिरतेच्या बाहेर गेला तर उत्पादनाची शीट लिहिण्याआधी रनची नोंदवही पुन्हा उघडावी लागते.