‘सगळं बोलायला लावा’ या फॉरवर्डला उत्तर

“पूरग्रस्ताला पहिल्या दोन दिवसांतच सगळं सुरुवातीपासून बोलायला लावा, नाहीतर धक्का आत साठतो. फार रडत असेल तर झोपेची गोळी द्या. ‘जीव वाचला ना, बाकीचं परत मिळेल’ असं म्हणून धीर द्या.”

हा मेसेज मानसिक प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणाला येणाऱ्या स्वयंसेवकांच्याच ग्रुपवर फिरतोय. उद्या हेच लोक निवाऱ्यात जाणार, म्हणून गप्प बसता येत नाही.

सगळ्यात घातक पहिलाच मुद्दा. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याची पद्धत पूर्वी खरंच वापरात होती. वैद्यकीय संशोधनाची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2002 च्या आढाव्यात तिच्या चाचण्या तपासल्या, तेव्हा पुढचा मानसिक आजार टळतो असं काही दिसलं नाही. एका चाचणीत तर वर्षभरानंतर अशी बैठक घेतलेल्यांमध्येच त्रासाचं प्रमाण जास्त निघालं. जागतिक आरोग्य संघटनेची 2011 ची मार्गदर्शिकाही बजावते की कुणावर बोलण्याची सक्ती करू नका. पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या, एवढंच तुमचं काम.

आता सराव. तिघांचा गट करा: एक पूरग्रस्त, एक स्वयंसेवक, एक नुसता बघणारा. प्रसंग शिरोळ तालुक्यातल्या शाळेतल्या निवाऱ्याचा. पन्नाशीच्या मावशी, दोन म्हशी वाहून गेल्यात, मुलाचा फोन लागत नाही, ताटाला हात लावलेला नाही. नवखा स्वयंसेवक हमखास विचारतो, “पाणी शिरलं तेव्हा तुम्ही कुठं होता?” बघणाऱ्यानं इथंच थांबवायचं. त्याऐवजी शेजारी बसून आपलं नाव आणि संस्था सांगा, मग विचारा, “मावशी, आत्ता सगळ्यात जास्त काळजी कशाची लागलीय?” उत्तर बहुतेक मुलाचंच येईल. त्याचं नाव, शेवटचा फोन कधी आला, तेव्हा तो कुठं होता, हे लिहून घ्या आणि जिल्हा आपत्ती कक्षाला 1077 वर कळवा. मावशींचा मोबाईल चार्जिंगला लावा. बीपीच्या गोळ्या घरी राहिल्यात का, तेही विचारा. हा प्रश्न बहुतेकजण विसरतात. “सहा वाजता येऊन सांगते” म्हणालात तर बातमी नसली तरी सहाला जा.

मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. मावशी स्वतःहून बोलायला लागल्या तर मध्ये न तोडता ऐका, रडू द्या. पण ते त्यांनी ठरवायचं, तुम्ही नाही.

गोळीचं थोडक्यात: डॉक्टरांशिवाय कुणी देऊ नये, आणि फक्त धक्क्यापोटी झोपेच्या गोळ्या देऊ नयेत असं जागतिक आरोग्य संघटना डॉक्टरांनाही सांगते. आणि “जीव वाचला ना”? ज्या म्हशींच्या दुधावर घर चालत होतं, त्या गेल्यात. “फार मोठं नुकसान झालं तुमचं” इतकंच पुरे. म्हशींचा पंचनामा कुणाकडे करायचा ते शोधून सांगा.

मावशी “आता जगून काय करू” म्हणाल्या तर विषय बदलू नका. जीव द्यायचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारा. हो म्हणाल्या तर एकटं सोडू नका, गटप्रमुखाला बोलवा आणि त्यांच्याजवळ बसूनच टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा.