बर्फात शून्य आला, म्हणून 180 बरोबर?

«थर्मामीटर स्वतःच तपासा, पैसे वाचवा! ग्लासात बर्फ-पाणी घ्या, पारा 0 वर आला पाहिजे. उकळत्या पाण्यात 100 वर आला पाहिजे. दोन्ही जमलं की सगळं स्केल अचूक. बल्ब बुडला की झालं, बाकीची काडी बाहेर राहिली तरी चालते.»

सातपूर-अंबडच्या लॅबमधल्या मंडळींच्या फोनवर हा मजकूर अधूनमधून फिरत येतो. त्यात एक गोष्ट अर्धी खरी आहे, तिच्याकडे येतोच. आधी उकळत्या पाण्याचं उरकून घेतो, कारण नाशिकपुरतं ते दोन ओळींत निकालात निघतं.

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी सुमारे 98 अंशांना उकळतं. म्हणजे इथे ज्याचा पारा 100 वर जातो तोच थर्मामीटर दोन अंश जास्त दाखवतोय, आणि 98 दाखवणाऱ्या शहाण्या थर्मामीटरवर लोक «+2» ची चिठ्ठी चिकटवतात. दाब बघून हिशोब करू म्हणाल, तर फोनमधल्या हवामानाच्या अ‍ॅपवर विसंबू नका. तिथला 1010 च्या आसपासचा आकडा समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो. आपल्या डोक्यावरचा खरा दाब 945 हेक्टोपास्कलच्या आसपास असतो.

आता बर्फ. ग्लासातल्या पाण्यावर तरंगणारे चार तुकडे म्हणजे आइस पॉइंट नव्हे. पाणी 4 अंशांना सर्वांत जड असतं, त्यामुळे वर बर्फ तरंगत असला तरी तळाचं पाणी शून्याच्या वर राहू शकतं, आणि बल्ब नेमका तळाशी असतो. बाजारातली बर्फाची लादी तर नकोच. ती मिठाच्या पाण्यात ठेवलेल्या डब्यांत गोठवतात, आणि थोडंसं मीठ लागलं तरी शून्य खाली सरकतं. डिस्टिल्ड पाण्याचा बर्फ करा, बारीक फोडा आणि थर्मासमध्ये दाबून भरा. फ्रीझरमधून काढलेला कोरडा बर्फ शून्याच्या बराच खाली असतो, म्हणून त्यावर गार डिस्टिल्ड पाणी ओता. पांढरा बर्फ ओला होऊन काचेसारखा करडा दिसू लागला की समजावं, जमलं. मग जास्तीचं पाणी काढून टाका. बर्फ तरंगता कामा नये, तळापर्यंत ठासलेला हवा. शून्याची रेघ बर्फाच्या जेमतेम वर राहील इतका थर्मामीटर आत घाला, चार-पाच मिनिटं थांबा, काडीवर हलकी टिचकी मारा आणि डोळा रेघेच्या अगदी समोर आणून वाचा.

आणि हे कधी करायचं, तेही महत्त्वाचं. 180 च्या बाथमधून काढलेला थर्मामीटर मी एकदा त्याच दिवशी दुपारी बर्फात घातला. पारा शून्याच्या सुमारे 0.1 खाली. मी घाईने करेक्शन बदललं, आणि पुढच्या आठवड्यात शून्य जागेवर! तापल्यावर काचेचा बल्ब फुगतो, आणि थंड झाल्यावर लगेच मूळ आकाराला येत नाही. त्याला तीनेक दिवस लागतात. तोवर बल्ब किंचित मोठा, म्हणून पारा खाली. वर्षानुवर्षांत मात्र उलटं होतं: जुना बल्ब हळूहळू आकसतो आणि शून्य वर चढतं.

अर्धं खरं आहे ते इथेच. बर्फातला शून्य आपल्याला बल्बच्या आकारमानाची खबर देतो. 150 च्या जवळ नळीचं छिद्र रुंद आहे की अरुंद, रेघा नीट आखल्यात का, यातलं काही तो सांगत नाही. त्यामुळे एकदा तरी स्केलवर ठिकठिकाणी कॅलिब्रेशन करून घेतलेलं असलंच पाहिजे. पण ते सर्टिफिकेट हातात असेल, तर पुढची तपासणी केवळ बर्फात भागते, कारण छिद्र बदलत नाही, बदलतो तो बल्ब, आणि तो सगळ्या स्केलला सारखंच सरकवतो. समजा सर्टिफिकेटवर 0 ला करेक्शन 0.0 आणि 180 ला +0.2 आहे. आज विश्रांतीनंतर बर्फात पारा +0.3 दाखवतोय. मग प्रत्येक ठिकाणच्या करेक्शनमधून 0.3 वजा करायचे: 0 ला −0.3, 180 ला −0.1. मात्र पाऱ्याचा धागा कुठे तुटलेला नाही ना, हे आधी भिंगातून बघा.

खरा खड्डा त्या मजकुराच्या शेवटच्या वाक्यात आहे. टोटल इमर्शनचा थर्मामीटर पाऱ्याचं टोक बाथच्या पातळीला असेल असं धरून आखलेला असतो. काडी बाहेर राहिली की तिच्यातला पारा गार राहतो, कमी पसरतो, आणि थर्मामीटर कमी दाखवतो. किती कमी, त्याचं सूत्र:

```
करेक्शन = k × n × (T − t)
```

`n` म्हणजे बाहेर उभ्या पाऱ्याच्या धाग्याची लांबी, अंशांत. `T` बाथचं तापमान, `t` बाहेरच्या धाग्याचं सरासरी तापमान. काचेतल्या पाऱ्यासाठी `k` 0.00016 धरतात.

ऑइल बाथ घ्या. थर्मामीटर 20 च्या रेघेपर्यंत बुडालाय, वाचन 180.0. बाहेर 160 अंशांचा धागा. त्याच्या मधोमध दुसरा छोटा थर्मामीटर बांधला, तो 50 दाखवतोय (खोलीचं तापमान इथे चालत नाही, बाथची गरम हवा वर येत असते). 0.00016 × 160 × 130 = 3.3. म्हणजे बाथ 183.3. आता `T` च्या जागी हे नवं तापमान घालून पुन्हा केलं की 3.4 येतात. साडेतीन अंशांच्या जवळ जाणारी ही चूक बर्फातल्या तपासणीत दिसणारच नाही. तिथे काडीचा बाहेरचा भाग रिकामाच असतो!

लाल स्पिरिटच्या थर्मामीटरमध्ये `k` साधारण 0.001, म्हणजे पाऱ्याच्या सहापट. 80 अंशांच्या पाण्यात 60 अंशांचा धागा 35 अंशांच्या हवेत राहिला तर पाऱ्यात 0.4 ची चूक होते, स्पिरिटमध्ये 2.7 ची.

काडीवर बुडवण्याची रेघ किंवा मिलिमीटरचा आकडा असेल, तर तो पार्शल इमर्शनचा. तो त्या रेघेपर्यंतच बुडवायचा. पण त्याचीही आखणी बाहेरच्या काडीचं एक ठरावीक तापमान धरून केलेली असते. 180 अंशांचा धागा बाहेर असेल आणि काडीभोवतीची हवा डिसेंबरात 15, मे महिन्यात 38 असेल, तर त्याच बाथमध्ये दोन्ही महिन्यांच्या वाचनात सुमारे 0.66 अंशांचा फरक पडतो.

पटत नसेल तर ढवळत्या, स्थिर 180 च्या बाथमध्ये टोटल इमर्शनचा थर्मामीटर धागा जेमतेम दिसेल इतका खोल घालून वाचा. मग बल्बच्या थोडं वरपर्यंतच तेल राहील इतका वर ओढा, पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा वाचा. बाथ तोच असतो, पण पारा तीन-चार अंश खाली उतरलेला दिसेल.