ओवाळणीचा आकडा आणि वहीतला एक रकाना

«ताई, दिवाळीत मुलांना द्यायच्या पैशांवरचा तुमचा लेख वाचला. प्रत्येक मुलाला सारखीच रक्कम, तीही आधी ठरवून, म्हणजे मायेला दर लावण्यासारखे झाले. शिवाय मुलांना मिळतात तेवढेच पैसे आपणही दुसऱ्यांच्या मुलांना दिलेले असतात, मग ते मुलांचे कसे? आमच्या लहानपणी आई ते काढून घ्यायची, आमचे काही बिघडले नाही. दहा वर्षांच्या मुलीला हिशेबाची वही लिहायला लावून तुम्ही तिला कंजूष करत आहात.»

नमस्कार. आपली प्रतिक्रिया परखड आहे आणि तिच्यातील एका मुद्द्यावर मी चुकले होते. ते पुढे येईलच. पण आधी परतफेडीचा हिशेब मांडते, कारण बाकीचे सगळे त्यावरच अवलंबून आहे.

आमच्याकडे सोलापुरात भाऊबीजेला चार घरे एकत्र येतात. पुण्याच्या मोठ्या दिरांना तीन मुले, आम्हाला दोन, अक्कलकोटच्या नणंदेला दोन आणि धाकट्या दिरांना एक, अशी मिळून आठ मुले. काही वर्षांपूर्वी पुण्याहून सूचना आली की यंदापासून प्रत्येक मुलाला पाचशे रुपये देऊ या. ऐकायला ते बरे वाटले. पण धाकटे दीर टॉवेलच्या यंत्रमाग कारखान्यात कामाला आहेत. बाकी तीन घरांतील सात मुलांना पाचशेप्रमाणे द्यायचे, तर त्यांच्या खिशातून साडेतीन हजार जाणार होते आणि त्यांच्या एकुलत्या एका मुलाच्या हातावर तीन घरांकडून मिळून दीड हजार येणार होते. पुण्याच्या घरातून मात्र पाच मुलांचे अडीच हजार जाणार आणि त्यांच्या तीन मुलांना साडेचार हजार मिळणार. म्हणजे ज्याला सर्वांत जड जाणार त्यालाच दोन हजारांची खोट, आणि ज्याची ऐपत सर्वांत जास्त त्याच्याकडेच दोन हजार जास्तीचे! यात कोणाचीच नियत वाईट नव्हती, फक्त मुलांची संख्या घरोघरी सारखी नव्हती. आपण म्हणता तसे दिले तेवढे परत येते, हे फक्त आमच्या आणि नणंदेच्या घराला लागू पडते, कारण दोन्हीकडे दोन-दोन मुले आहेत.

आता यातली खरी मेख पाहा. मुलांना मिळालेले पैसे मुलांचेच, असे एकदा मानले की धाकट्या दिरांची झळ दोन हजारांची राहत नाही, ती पूर्ण साडेतीन हजारांची होते, कारण आलेले दीड हजार त्यांच्या संसाराला उपयोगी पडणारच नाहीत. म्हणून आकडा ठरवताना येणे-देणे वजा करून पाहायचे नाही, फक्त देणे पाहायचे. आमच्याकडे आता दसऱ्याच्या सुमारास सासूबाई एकेका घराशी वेगवेगळे बोलतात आणि ज्यांना जड जाईल असे वाटते त्यांना सर्वांत आधी विचारतात. त्यांनी सांगितलेला आकडा पुढच्या घरांना सासूबाईंचा म्हणून कळतो. पहिल्या वर्षी दोनशे ठरले आणि आजही दोनशेच आहेत. धाकट्या दिरांचे चौदाशे जातात, तेवढ्यावर ते हसतमुखाने बसतात. ज्यांना आपल्या पुतण्या-भाच्यांना जास्त द्यावेसे वाटते, ते वर्षात केव्हाही सायकल आणतात, परीक्षेची फी भरतात. त्याला कोणाची आडकाठी नाही, फक्त तबकात सगळ्यांचे सारखे. आपण याला मायेला लावलेला दर म्हणता. मला तो तबकापुरताच वाटतो, आणि तो नसेल तर पाटावर शेजारी बसलेली मुले एकमेकांच्या नोटा पाहून स्वतःच दर काढतात. ते जास्त वाईट.

वयानुसार रक्कम कमी-जास्त करावी का, असे लेखाखाली आणखी दोघांनी विचारले होते. आम्ही रक्कम तीच ठेवतो, नोटा बदलतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला दोनशेची एक नोट आणि दहाच्या वीस नोटा यांतली दुसरी गोष्टच मोठी वाटते, आणि तीच त्याला वेगळी काढून ठेवताही येते. भाऊबीजेला ओवाळणी घालणाऱ्या छोट्या भावाची गंमत याहून वेगळी आहे. आमचा सात वर्षांचा मुलगा ओवाळून घ्यायचा, त्याचे बाबा मागून हळूच नोट पुढे करायचे आणि तो ती तबकात टाकायचा. बहिणीसाठी त्याने काही दिले असे त्याला वाटण्याचे कारणच नव्हते. गेल्या दोन वर्षांपासून पाडव्याला मोठ्यांना नमस्कार केल्यावर जे मिळते त्यातून वीस रुपये तो आपल्या गल्ल्यातून काढतो आणि पाटावर बसेपर्यंत मुठीत घट्ट धरून ठेवतो. पहिल्या वर्षी नोट इतकी चुरगळली होती की तबकात ती उभीच राहिली.

आपल्या आईने पैसे काढून घेतले याला मी मुळीच नावे ठेवणार नाही. माझ्या आईनेही घेतले आणि त्यातून आमच्या वह्या आल्या. माझा आक्षेप घेण्याला नाही, आधी देऊन नंतर घेण्याला आहे. घराला गरज असेल तर दिवाळीच्या आधीच मुलीला सांगावे की यंदा निम्मे पैसे तुझ्या गणवेशाला जातील. ती कुरकुरेल, पण तिला फसल्यासारखे वाटणार नाही. हे शहाणपण मला फुकट आलेले नाही. एकदा सिलिंडर दारात आला, सुटे पैसे नव्हते, म्हणून मी लेकीच्या डब्यातून पाचशे घेतले आणि पार विसरून गेले. महिन्याभराने तिने काहीही न बोलता डबा माझ्यासमोर उघडून ठेवला. तेव्हापासून डब्यातून उसने घ्यायचे तर चिठ्ठी टाकायची, तीवर परत करण्याची तारीख लिहायची. पुण्याचे दीर दिवाळीला येऊ शकले नाहीत तर मुलांचे पैसे माझ्या मोबाईलवर यूपीआयने येतात. ते त्याच दिवशी रोख काढून मुलांच्या हातावर ठेवते, नाहीतर ते दूध आणि भाजीत कधी विरघळतात ते माझे मलाच कळत नाही.

आता कंजूषपणाचा आरोप. मागील दिवाळीत लेकीकडे सगळीकडचे मिळून सोळाशे पन्नास रुपये जमले. आम्ही दोघींनी बसून त्याचे तीन भाग केले. चारशे लगेच खर्चायला, सहाशे गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेला, आणि साडेसहाशे पोस्टात. चारशेबद्दल मी चकार शब्द काढायचा नाही असे ठरले होते. आठवड्याच्या आत तीनशे दहा रुपये नव्या पेठेतील एका चकचकीत कंपासपेटीवर गेले, जिचे बिजागर पंधरा दिवसांत निखळले. मी गप्प राहिले, भरपाईही केली नाही. खरे सांगायचे तर गप्प राहणे मला अवघड गेले.

गड्ड्याचा भाग मुद्दाम सविस्तर सांगते, कारण सोलापूरच्या मुलांना ही सोय आयती मिळालेली आहे. भाऊबीजेपासून संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेपर्यंत साधारण नऊ ते बारा आठवडे जातात. आठ-दहा वर्षांच्या मुलाला एवढाच काळ थांबणे झेपते. ‘मोठेपणी उपयोगी पडतील’ हे त्याच्या लेखी कधीच न उजाडणारी तारीख असते, जत्रेच्या होम मैदानावरचा पाळणा मात्र त्याला डोळ्यांसमोर दिसतो. लेक सहाशे रुपये घेऊन गेली. पहिल्या अर्ध्या तासातच रिंगा टाकण्याच्या खेळात एकशे वीस रुपये गेले आणि हाती काही लागले नाही. पुन्हा रिंगा घ्यायला ती वळली, थांबली, पर्समधले पैसे बोटाने मोजले आणि पाळण्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिला अडवणारे मी कोणी नव्हते. परत येताना नव्वद रुपये उरले होते, ते तिने जपून ठेवले नाहीत, भावाला चाबी देऊन पळणारी मोटार घेऊन दिली. याला कंजूष म्हणायचे की नाही ते आपण ठरवा.

पोस्टाच्या खात्याबद्दल मूळ लेखात मी अर्धवट लिहिले होते. दहा वर्षे पूर्ण झालेले मूल पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खाते उघडून स्वतः चालवू शकते. बँकांनाही तशी मुभा आहे, रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2025 मध्ये त्याबद्दल परिपत्रक काढले आणि रकमेची मर्यादा ठरवणे बँकांवर सोडले. पण पोस्टाच्या खात्यात पाचशे रुपये कायम ठेवावे लागतात. म्हणजे साडेसहाशे भरून खाते उघडले तरी लेकीला त्यातले दीडशेच काढता येतात, आणि हे मी तिला आधी सांगितले नव्हते. खिडकीवर ते कळल्यावर तिचा चेहरा उतरला होता. व्याज वर्षाला चार टक्के, म्हणजे साडेसहाशेवर सव्वीस रुपये. ही रक्कम तिला आधीच गणिताने काढायला लावली, म्हणजे पूर्ण वर्षाचे व्याज पासबुकात दिसले की पडताळता येईल. लहान रकमेसाठी किमान शिलकीची अट नसलेले बँकेचे खाते अधिक सोयीचे, असे मी आता म्हणेन. सुकन्या समृद्धी खाते आमच्याकडेही आहे, पण त्यात ओवाळणी घालत नाही. मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत किंवा दहावी उत्तीर्ण होईपर्यंत तिथून शिक्षणासाठीही काही काढता येत नाही, त्यामुळे ती आई-वडिलांची बचत ठरते, मुलीच्या हाताला त्यातले काही लागत नाही.

आणि आता माझी चूक. वहीत तारीख, रक्कम आणि ‘कोणी दिले’ असे तीन रकाने आखा, असे मी लिहिले होते. आमच्या चार घरांत रक्कम सारखी असते, पण माहेरकडचे, शेजारचे, ह्यांच्या ऑफिसातले लोक आपापल्या मनाने देतात. दुसऱ्याच वर्षी लेक वही उघडून म्हणाली, «शेजारच्या काकूंनी गेल्या वेळी एकशे एक दिले होते, यंदा एकावन्नच.» त्या काकूंच्या घरी त्या वर्षी काय काय झाले होते ते मला ठाऊक होते, तिला नव्हते, आणि ते तिला सांगण्यासारखेही नव्हते. आपण ज्याला मायेला दर लावणे म्हणता ते त्या रकान्यात खरोखरच होत होते. आम्ही तो रकाना खाडाखोड करून घालवला. आता वहीत किती आले, कशावर गेले आणि किती उरले एवढेच असते. कोणाकडे किती परत द्यायचे याची आठवण मोठ्यांना लागते, ती मोठ्यांनी आपल्या डायरीत ठेवावी.

मूळ लेखातील तो रकाना आजच काढून टाकला आहे आणि पोस्टाच्या पाचशे रुपयांची अटही त्यात घातली आहे.